तीन खेळ आणि साठ मुलं

दहावीला आमच्या गणिताच्या बाईंनी संभाव्यता शिकवताना फासे-पत्ते बाजूला ठेवले आणि वर्गाचीच पाहणी केली. "क्रिकेट कोण खेळतं? हात वर करा." ३२ हात. कबड्डी २४, खो-खो २०. बेरीज ७६ आणि वर्गात आम्ही ६०! अनेकांनी दोनदा-तीनदा हात वर केले होते, हे उघड होतं.

मग जोड्या विचारल्या. क्रिकेट आणि कबड्डी दोन्ही खेळणारे १२, कबड्डी आणि खो-खो ९, क्रिकेट आणि खो-खो १०. तिन्ही खेळणारे ५. प्रश्न असा होता, की चिठ्ठी टाकून एक नाव काढलं, तर ते यातला निदान एक खेळ खेळणाऱ्याचं असण्याची संभाव्यता किती?

बाईंनी सूत्र आधी दिलंच नाही. तिन्ही खेळणाऱ्या एका मुलाला फळ्यापाशी उभं केलं. पहिल्या बेरजेत तो तीनदा मोजला गेला. जोड्या वजा करताना तीनदाच वजा झाला, म्हणजे हिशोबातून पार गायब! म्हणून त्याला एकदा परत घ्यायचं. दोनच खेळ खेळणारा मात्र दोनदा येतो, एकदा जातो. त्याचा हिशोब तिथेच चुकता होतो. मग सूत्र फळ्यावर आलं:

P(A∪B∪C) = P(A) + P(B) + P(C) − P(A∩B) − P(B∩C) − P(A∩C) + P(A∩B∩C)

७६ − ३१ + ५ = ५०, म्हणून संभाव्यता ५०/६०, म्हणजे ५/६. लगेच बाईंनी विचारलं, "एकही खेळ न खेळणारे कोण?" बरोबर १० हात वर आले. त्या क्षणी मला झालेला आनंद आजही आठवतो.

पण खरी शिकवण पुढे होती. बाईंनी १२ पुसून मुद्दाम २२ लिहिले. आता उत्तर ४०/६०, म्हणजे २/३. कुणालाच खटकलं नाही, कारण संभाव्यता एकपेक्षा कमीच होती. मग त्यांनी तीन वर्तुळांची वेन आकृती काढून मधल्या ५ पासून बाहेर भरायला लावली. फक्त कबड्डी खेळणारे निघाले २४ − २२ − ९ + ५ = −२!

मी आता पाहण्यांच्या आकड्यांवरच काम करतो. तिथे नेहमीचा घोळ जोड्यांचाच असतो. "क्रिकेट आणि कबड्डी" म्हटलं, की काही जण तिन्ही खेळणाऱ्यांना वगळून १२ ऐवजी ७ लिहितात. तिन्ही जोड्या तशा धरल्या, तर ७, ४ आणि ५ येतात; सूत्रात घातल्या की उत्तर ७६ − १६ + ५ = ६५, साठ मुलांत पासष्ट! ही चूक निदान आरडाओरडा करते. २२ सारखी चूक गप्प बसते, म्हणून सूत्राचं उत्तर कितीही बरं दिसलं तरी मी आकृतीचे सातही भाग भरतो; एक जरी ऋण निघाला, तर तक्ता परत पाठवतो.