पत्रिकेवरचा क्यूआर आणि फोल्डरची परवानगी

मी छापलेल्या पत्रिकेवरचा क्यूआर लग्नाच्या फोटोंच्या फोल्डरवर नेणारा होता. पाचशे पत्रिका वाटून झाल्या आणि लग्नाला चार दिवस असताना नवरदेवाच्या वडिलांचा फोन आला. "अहो, तुमचा क्यूआर चालत नाही. तासगावच्या पाहुण्यांना परवानगी मागा म्हणतोय."

पत्रिका काढून स्कॅन केली. कोड झटकन वाचला गेला. छपाईत मी कसूर ठेवली नव्हती. घरच्यांना मरून कागदावर सोनेरी कोड हवा होता. पण गडद कागदावरचा फिका कोड बरेच फोन वाचत नाहीत, वर सोनेरी शाई उजेडात चमकते. म्हणून आतल्या फिक्या पानावर काळ्या शाईत अडीच सेंटिमीटरचा घेतला आणि भोवती कोडातल्या चार चौकटींएवढी जागा कोरी सोडली. व्हॉट्सअॅपवर आलेलं चित्रही वापरलं नाही, त्याच्या कडा पुसट होतात. लिंकवरून नवा कोड बनवला.

चूक होती ती तपासणीत. गुगल ड्राइव्हवरचं फोल्डर नवरदेवाचं, आणि General access मध्ये Restricted, म्हणजे परवानगी दिलेल्यांनाच उघडणारं, तसंच राहिलेलं. प्रूफ मात्र आम्ही त्याच्याच फोनवर तपासलं. मालकाला स्वतःचं फोल्डर कायम उघडतं, त्यामुळे त्या तपासणीला काही अर्थ नव्हता. आता मी लिंक Incognito मध्ये, कुठलंही खातं न लावता उघडून बघतो.

पत्रिका परत छापायची गरज पडली नाही. परवानगी बदलली तरी लिंक तीच राहते. फोल्डर काढून नवं केलं तरच छापलेला कोड वाया जातो. नवरदेवाने Anyone with the link केलं, पण पाहुण्यांनाही फोटो टाकता यावेत म्हणून घाईत Editor देऊन टाकलं.

हळदीच्या रात्री फोटोग्राफरचं उपफोल्डर गायब. कुणा पाहुण्याने आपल्या फोनमधली जागा मोकळी करायला Remove दाबलं होतं. Editor ला ते करता येतं, हे ड्राइव्ह ठळकपणे सांगत नाही याचा मला राग येतो. सुदैवाने मालकी नवरदेवाची होती, त्यामुळे त्याच्या ड्राइव्हवर नावाने शोधल्यावर सगळं सापडलं.

मग घडी अशी बसवली: कोडमागचं मुख्य फोल्डर Viewer, आणि त्याच्या आत 'पाहुण्यांचे फोटो' एवढंच उपफोल्डर Editor. आतल्याला बाहेरच्यापेक्षा जास्त परवानगी देता येते, उलटं करायला गेलं की गोंधळ होतो. फोटो टाकायला मात्र गुगल खातं लागतंच, त्यामुळे बऱ्याच आजी-आजोबांचे फोटो नातवंडांच्या फोनवरून चढले.

एक गोष्ट अजून मनात आहे. पाचशे घरांत ती पत्रिका पडून आहे आणि ज्याच्या हाती लागेल त्याला घरच्या लेकीबाळींचे फोटो दिसतात. पंधरा दिवसांनी उपफोल्डर Viewer करा आणि सगळ्यांनी बघून झालं की मुख्य फोल्डर Restricted करा, असं मी सांगितलं होतं. काल स्कॅन केलं, अजून उघडतंय.