घातांक १.६ आला, आणि मग सुरू झाली वणवण

लोखंडाची बारीक, लांब तार घ्यायची, थंड करायची आणि तापमानाबरोबर तिचं चुंबकन किती घटतं ते मोजायचं. एमएस्सीच्या प्रोजेक्टला यापेक्षा साधा विषय नसेल, असं सगळे म्हणत होते. तार मिळाली, अर्ज मंजूर झाला, स्लॉटही मिळाला. अडकलं ते एका अंकावर. फेलिक्स ब्लॉखने १९३० साली दाखवलं की कमी तापमानाला चुंबकनातली घट तापमानाच्या दीडाव्या घाताप्रमाणे वाढते. माझ्या आलेखातून घातांक निघाला १.६. मॅडमनी कागद परत सरकवला. "दीड हवा. मोजमाप पुन्हा कर."

पुन्हा कर म्हणजे काय, हे ज्यांनी सामायिक उपकरण केंद्राच्या रांगेत दिवस काढलेत त्यांनाच कळेल. तिथल्या फॉर्मवर चुंबकीय क्षेत्रासाठी एकच चौकट असते. मी ऑपरेटरला विचारलं होतं, की दोन वेगवेगळ्या क्षेत्रांत रीडिंग घेता येईल का? उत्तर आलं, "फॉर्ममध्ये बसत नाही." म्हणून सगळी रीडिंगं १ टेस्लाला, तापमान ४० ते १६० केल्विन. नवा स्लॉट मिळेपर्यंत हातात तेवढीच. मग मशीनची वाट बघण्यापेक्षा तो दीड येतो कुठून हेच खणायचं ठरवलं.

आधी ब्लॉखच्या आधीचं, भौतिकशास्त्रज्ञ वाइसचं जुनं चित्र. स्पिन म्हणजे अणूतला चिमुकला चुंबक. प्रत्येक स्पिनवर बाकीच्यांचं सरासरी क्षेत्र असतं आणि स्पिन उलटा करायचा तर त्या सगळ्या क्षेत्राविरुद्ध एकदम उलटवावा लागतो. त्याला ऊर्जा खूप लागते, त्यामुळे कमी तापमानाला घट जवळजवळ शून्य यायला हवी. उदाहरणार्थ निकेल. त्याचं क्युरी तापमान, म्हणजे जिथे चुंबकत्व संपतं ते, सुमारे ६२७ केल्विन. त्या हिशेबाने १०० केल्विनला चुंबकन लाखात एक भागही कमी व्हायला नको. प्रत्यक्षात ते पाऊण टक्का कमी होतं, म्हणजे हजारपट जास्त. इतका फरक किरकोळ दुरुस्तीने भरून निघत नाही.

ब्लॉखने ओळखलं की एकच स्पिन पूर्ण उलटा होण्याची गरज नाही. तो एक उलटेपणा हजारो स्पिनमध्ये वाटला जातो. प्रत्येक जण जरासा कलतो, शेजारी त्याच्याहून किंचित पुढे-मागे, आणि हे कलणं लहर होऊन फिरतं. ही स्पिनलहर, आणि तिचा एक पुंज म्हणजे मॅग्नॉन. लहर जितकी लांब, तितका शेजाऱ्याशी कोन कमी आणि ऊर्जाही कमी. लहर अनंत लांब झाली तर सगळे स्पिन मिळून एकत्र वळतात, त्यांच्यात आपसात कोनच उरत नाही. बाहेरचं क्षेत्र नसेल तर त्याला ऊर्जाच लागत नाही. छोट्या k साठी ऊर्जा Dk² असते. इथे k म्हणजे लहरीचा तरंगसदिश, आणि D म्हणजे स्पिन किती ताठ बांधलेले आहेत त्याचं माप.

आता मोजणी. प्रत्येक मॅग्नॉन, मग तो लांब लहरीचा असो की आखूड, चुंबकनातून सारखाच तुकडा कमी करतो. म्हणून ऊर्जा नाही, फक्त मॅग्नॉनांची संख्या मोजायची. T तापमानाला साधारण Dk² = k_BT इथपर्यंतच्या लहरी उठतात, इथे k_B हा बोल्ट्झमनचा स्थिरांक, म्हणजे k ची मर्यादा T च्या वर्गमुळाप्रमाणे वाढते. त्रिमितीत त्या मर्यादेच्या आतल्या लहरींची संख्या k³ इतकी. वर्गमुळाचा घन, झाला दीड! काटेकोर बेरीज केली की पुढे २.६१२ हा गुणक येतो. हीच बेरीज द्विमितीत केली तर लांब लहरींच्या टोकाला ती अनंत होते. सपाट थरात या साध्या रूपातलं चुंबकत्व टिकत नाही, ते याच कारणाने.

"लांब लहरींच्या टोकाला" हे शब्द लिहिताना माझं डोकं अडखळलं. त्रिमितीत बेरीज अनंत होत नाही, पण मोठा वाटा त्या टोकाचाच असतो, आणि बाहेरचं क्षेत्र नेमकं तेच टोक छाटतं. १ टेस्लाला प्रत्येक मॅग्नॉनला आधी एक उंबरठा ओलांडावा लागतो. लोखंडात तो तापमानाच्या भाषेत सुमारे १.४ केल्विन. १६० केल्विनपुढे १.४ म्हणजे काहीच नाही असं वाटतं ना? परिणाम मात्र उंबरठ्याच्या वर्गमुळाप्रमाणे येतो. पायथनमध्ये उंबरठा धरून तीच बेरीज करून पाहा:

```
from mpmath import polylog, exp
for T in (40, 160):
    print(T, polylog(1.5, exp(-1.4/T)).real)
```

२.६१२ च्या जागी ४० केल्विनला सुमारे २.०० येतो आणि १६० ला २.२९. म्हणजे घट एकीकडे २३ टक्क्यांनी कमी, दुसरीकडे १२ टक्क्यांनी. थंड टोक जास्त दबलं, म्हणून लॉग-लॉग आलेखातली रेषा जास्त उभी झाली. या दोन टोकांतून घातांक काढा, १.६० येतो. माझं मोजमाप बरोबरच होतं! (स्पिनांच्या आपसातल्या दूरच्या चुंबकीय बलाचा भाग मी यात धरलेला नाही. तो धरला तर घातांक आणखी थोडा वर सरकतो.)

हे मॅडमना दाखवण्याआधी एका सीनियरने सुचवलं, "M₀ जरा वाढव ना, येईल दीड." M₀ म्हणजे शून्य केल्विनचं चुंबकन. ते मोजता येत नाही, आलेख मागे ताणून काढावं लागतं. मी करून पाहिलं आणि घाबरलेच. M₀ फक्त दहा हजारांत एक भाग वाढवला की घातांक १.६० वरून १.५१ वर येतो. कारण ४० केल्विनला एकूण घटच दहा हजारांत सहा-सात भाग आहे. तेव्हा कोणी लॉग-लॉग आलेखावर सुंदर दीड दाखवला, तर पहिला प्रश्न M₀ कुठून आणलं हा विचारा.

मी लॉग-लॉग सोडूनच दिला. आडव्या अक्षावर T^(3/2) गुणिले वरचा बदललेला गुणक घेतला, उभ्या अक्षावर सरळ मोजलेलं M. रेषा सरळ आली. M₀ तिच्या छेदातून आपोआप मिळालं आणि उतारातून D. क्षेत्र नसताना चुंबकनाची सापेक्ष घट B गुणिले T^(3/2) असते, आणि लोखंडासाठी या B चं प्रसिद्ध मूल्य ३.४ × १०⁻⁶ आहे (एकक K^(−3/2)). त्यातून D येतो सुमारे २८५ मिलीइलेक्ट्रॉनव्होल्ट-चौरस अँगस्ट्रॉम. न्यूट्रॉन विखुरणाच्या प्रयोगात स्पिनलहरींची ऊर्जा थेट मोजतात, तिथे तो २८० च्या आसपास मिळतो. माझा उतार या दोघांशी जुळला, तेव्हा मॅडमनी चष्मा काढून कागद पुन्हा पाहिला आणि म्हणाल्या, "मग हेच लिही. दीड नको."

राहिलंच सांगायचं, तार क्षेत्राच्या दिशेने लांब ठेवा. आडवी ठेवलीत तर तिच्या दोन्ही बाजूंचं उलटं क्षेत्र आतला आकडा बदलतं आणि उंबरठा किती हेच कळत नाही. खोलीच्या तापमानापर्यंतची रीडिंगं या रेषेत कोंबू नका. तिथे ऊर्जेतलं k⁴ चं पद आणि मॅग्नॉनांची आपसातली टक्कर डोकावू लागते. आणि त्या फॉर्मवर खाली "इतर सूचना" अशी एक ओळ असते. दुसरं क्षेत्र तिथे लिहायचं. हे मला ऑपरेटरने नव्हे, रांगेत माझ्या मागे उभ्या असलेल्या मुलीने सांगितलं.