पल्स ५२ आणि मी विचारायला विसरलेली गोष्ट

अमळनेरला माझी ओपीडी आहे, साधी जनरल प्रॅक्टिस. एप्रिलमधली गोष्ट, सकाळचे दहा वाजले नव्हते तरी पंखा गरम हवा फेकत होता. एक कापडवाले दादा आले, वय ४६, दिवसभर गादीवर बसून असणारे, चालणं म्हणजे घर ते दुकान तेही गाडीवर. सोबत वहिनी. दादांनी खिशातून कोरोनाच्या वेळचं ऑक्सिमीटर काढून टेबलावर ठेवलं अन् म्हणाले, "डॉक्टरसाहेब, तीन दिवस व्हयनात, हाई ५२ दाखाडस. घाबरानं काही कारन शे का?"

त्यांनी मोबाईलवर कुठेतरी वाचलं होतं की पल्स ६० च्या खाली नको, आणि कमी पल्स पळणाऱ्या पोरांची असते. मी कुठे पळतो, मग माझी का कमी, हा त्यांचा प्रश्न. प्रश्न बरोबरच होता खरं तर.

मी आधी मनगट धरून पूर्ण एक मिनिट मोजलं. पंधरा सेकंद मोजून चारने गुणायचा आळस आम्हीपण करतो, पण इथे तो चालत नाही, कारण मधे एखादा ठोका लवकर पडत असेल तर तो बोटापर्यंत पोहोचतच नाही आणि असं एकाआड एक होत राहिलं तर मशीन निम्मे ठोके खाऊन टाकतं. मग हृदय चालतं ८० ने आणि मशीन दाखवतं ४०. म्हणून छातीवर स्टेथो लावून परत मोजलं. दोन्हीकडे ५२, एकसारखी लय.

चक्कर, डोळ्यापुढे अंधारी, जिना चढताना दम, छातीत दुखणं, कधी शुद्ध हरपली का? काही नाही. ईसीजी काढला, प्रत्येक मोठ्या ठोक्याआधी छोटी लाट जागेवर, मधलं अंतरही नेहमीएवढं, म्हणजे हृदयातल्या विजेच्या वाटेत ब्लॉक नाही, फक्त हळू चाललंय. मग त्यांना म्हटलं आमच्या जिन्याने दोनदा वर-खाली करा. घामाघूम होऊन आले, पल्स ७८. ब्लॉक असलेल्याची पल्स अशा वेळी बहुतेक वाढत नाही, कधीकधी उलट खाली येते, म्हणून हा जिना मला आवडतो, फुकट तपासणी आहे. पण एवढ्या घामाला ७८ जरा कमीच वाटली मला.

"गोळ्या चालू आहेत का काही? बीपीची, मायग्रेनची?" "एकपण नाही." झालं, मी थायरॉईड आणि पोटॅशियमची तपासणी लिहून देत होतो, मनात म्हटलं काही लोकांची असतेच अशी. तेवढ्यात वहिनी पर्समधून छोटी बाटली काढून म्हणाल्या, "अहो, सकाळच्या गडबडीत थेंब राहिले, इथंच टाकून घ्या." दादांनी मान मागे टाकली अन् प्रत्येक डोळ्यात तीन-तीन थेंब सोडले, डोळे मिचकावले, गिळले आणि तोंड वाकडं केलं. "घशात येतं हे कायम."

मी बाटली हातात घेतली. टिमोलॉल, ०.५ टक्के. काचबिंदूचे थेंब, चार महिन्यांपासून, दिवसातून दोनदा. हे बीटा ब्लॉकर आहे, म्हणजे जी गोळी हृदय हळू करते त्याच जातीचं औषध! थेंब डोळ्याच्या आतल्या कोपऱ्यातून नाकात उतरतो आणि नाकातून थेट रक्तात जातो, गोळीसारखा आधी लिव्हरमधून जात नाही, म्हणून एवढासा थेंबही लागू पडतो. घशात येतं म्हणजे तो तिकडेच चाललाय. त्यात हे एकाच्या जागी तीन टाकत होते, जास्त टाकले तर लवकर बरं होईल म्हणून.

घरी दोन वर्षांपूर्वीच्या कॅम्पमधला ईसीजी होता, वहिनींनी मुलाला फोन करून फोटो मागवला. रेट ६८.

मी थेंब स्वतःहून बंद करू नका असं तीनदा सांगितलं, कारण डोळ्याचं प्रेशर वाढलं आणि नजर गेली तर ती परत येत नाही. त्यांच्यासमोरच डोळ्यांच्या डॉक्टरांना फोन लावला. त्यांनी दुसऱ्या गटातले थेंब लिहून दिले. आणि थेंब कसा टाकायचा तेही मी दादांना दाखवलं, एकच थेंब, डोळा मिटून नाकाजवळचा कोपरा बोटाने दोन मिनिटं दाबून धरायचा.

थायरॉईड-पोटॅशियम नॉर्मल आले. तीन आठवड्यांनी पल्स ६६. समजा ५२ च राहिली असती, तरी त्रास नसताना आणि बाकी सगळं नॉर्मल असताना मी काही केलं नसतं. पण चक्कर येऊन पडले असते, तर त्याच दिवशी जळगावला पाठवलं असतं.

केसपेपरवर "चालू गोळ्या" असा रकाना होता, बारा वर्षं तोच छापत होतो. नवीन गठ्ठा छापायला दिला तेव्हा खाली पेनाने लिहून दिलं: थेंब, मलम, पंप, चूर्ण.