ताळा जुळला तरी उत्तर चुकलं

लॉगरिदमच्या वर्कशीटच्या वह्या तपासत होते. एका मुलीने सातव्या गणिताची दोन उत्तरं लिहिली होती, 4 आणि -2, आणि माझ्या उत्तरसूचीत फक्त 4. मी -2 वर काट मारली तर ती वही घेऊन आली, "मॅडम, मी ताळा केलाय, जुळतोय."

गणित होतं log₂x + log₂(x − 2) = 3. बेरजेच्या नियमाने log₂[x(x − 2)] = 3, म्हणजे घातांक रूपात x(x − 2) = 2³ = 8, पुढे x² − 2x − 8 = 0, म्हणून x = 4 किंवा -2. तिने -2 त्या घातांक रूपात घातलं होतं: (-2) × (-4) = 8. खरंच जुळतंय! आणि "उत्तर आलं की घातांक रूपात घालून बघा" हे मीच तर शिकवलं होतं, तिने अगदी तेच केलेलं, त्यामुळे मला तिथल्या तिथे काही बोलता येईना.

मग दोघी मिळून पहिल्या ओळीपासून बघत गेलो. नियम लावायच्या आधी दोन लॉग सुटे आहेत, तर ताळाही सुटासुटाच करायचा. x = 4 ला log₂4 = 2 कारण 2² = 4, log₂2 = 1 कारण 2¹ = 2, आणि 2 + 1 = 3, झालं. x = -2 ला पहिलाच लॉग log₂(-2), म्हणजे 2 चा कुठला घात -2 येतो? कुठलाच नाही, 2 चा घात कायम धनच असतो. दोन ऋण संख्या गुणल्या की 8 धन होतात आणि चूक त्या गुणाकारात लपून जाते, म्हणून एकत्र केलेल्या ओळीत ताळा करून ती सापडतच नाही. बेरजेचा नियम दोन्ही संख्या धन असतील तरच चालतो, हे मी वर्गात सांगितलं होतं, पण ताळ्याशी जोडून कधीच नाही.

ती जागेवर गेली आणि पाच मिनिटांनी परत आली. "मग नववं?" नववं होतं log₃(x²) = 4. सूचीत मी 2log₃x = 4, log₃x = 2, x = 9 एवढंच लिहिलेलं. तिने -9 मूळ ओळीत घालून दाखवलं: (-9)² = 81 = 3⁴, आणि लॉगच्या आत 81 आहे, धन आहे, म्हणजे इथे -9 अगदी बरोबर. घात पुढे आणायचा नियम लावताना मी x धन आहे असं न सांगताच धरून टाकलं होतं आणि एक खरं उत्तर घालवलं होतं. सातव्यात नियमाने खोटं उत्तर आत घेतलं, नवव्यात खरं बाहेर काढलं, आणि नवव्यातली चूक तर ताळ्यानेही कळली नसती, कारण ताळा आलेल्या उत्तराचा होतो, हरवलेल्याचा कसा होणार?

उत्तरसूचीत नववं आता असं आहे: x² = 3⁴ = 81, x = 9 किंवा -9, घात पुढे आणायचाच नाही. ज्यांनी -9 लिहून नंतर माझी सूची बघून खोडलं होतं त्यांच्या वह्या परत मागवल्या आणि मार्क दिले.