पन्नाशीची फिरकी, भुजंगप्रयातात: कामाची नोंद

मित्राच्या पन्नासाव्या वाढदिवसाला म्हणायच्या विनोदी कवितेची ही नोंद. उत्सवमूर्ती 1975 सालचा. क्रिकेटचं वेड लग्नाआधीपासूनचं, घोरणं लग्नानंतर सर्वांना कळलेलं. कविता म्हणायची आहे केक कापल्यानंतर आणि जेवणाआधी, साधारण चाळीस माणसांसमोर. त्यात शाळकरी पोरांपासून ऐंशीच्या मावशींपर्यंत सगळे. वेळ दोन मिनिटं, फार तर अडीच.

21 दिवस आधी: चाल ठरवणे

अशा प्रसंगी पहिला हात मंगलाष्टकाकडे जातो. शार्दूलविक्रीडित, ओळीत 19 अक्षरं, शेवटी ‘सावधान’ आलं की हशा ठरलेला. दोन कडवी करून सोडून दिलं. 19 अक्षरांच्या ओळीत विनोद शेवटपर्यंत टिकवायला भरीचे शब्द घालावे लागतात: ‘तो’, ‘हा’, ‘पहा’, ‘अहा’. ओळीत दोन ‘अहा’ आले की ऐकणारा केकच्या तुकड्याकडे बघू लागतो. शिवाय ‘सावधान’ला हसू येतं ते चालीला, मित्राला नव्हे.

मग भुजंगप्रयात. य गण चार वेळा, म्हणजे ल-गा-गा, ल-गा-गा, ल-गा-गा, ल-गा-गा; ल म्हणजे लघू, आखूड अक्षर, आणि गा म्हणजे गुरू, लांब अक्षर. बारा अक्षरांत ओळ संपते. मनाच्या श्लोकांचं वृत्त असल्यामुळे चाल कुणाला शिकवावी लागत नाही, मावशीही दुसऱ्या ओळीपासून मान डोलावतात. आणि खरी गंमत अशी की ल-गा-गा हीच घोरण्याची लय आहे: एक छोटा हिसका, मग दोन लांब खेचा. ‘घ-रा-रा’ असं चार वेळा म्हणून बघा, आख्खा चरण तयार. वृत्ताच्या नावात साप आहे, पण या कवितेत तो सरळ उशीवर झोपलेला आहे.

17 दिवस: कोणते शब्द बसतात

ओळी लिहायच्या आधी दोन्ही विषयांचे शब्द काढून मात्रा टाकल्या. हे काम कंटाळवाणं आहे, पण पुढचे चार दिवस वाचवतं. ‘क्रिकेट’ ल-गा-ल, म्हणजे जसंच्या तसं बसत नाही. ‘क्रिकेटात’, ‘क्रिकेटास’ बसतं. ‘पन्नास’ गा-गा-ल, त्याच्या मागे एक लघू लागतो, म्हणून ‘आज पन्नास’ झकास. ‘वानखेडे’ मुळातच गा-ल-गा-गा, वृत्तासाठी बांधल्यासारखं. खेळाडूंमध्ये गांगुली, कुंबळे, कोहली आणि धोनी सहज आत येतात. सचिन आणि द्रविड मात्र तीन-तीन लघूंमुळे दारातच बाद. सचिनशिवाय क्रिकेटवेड्याची कविता कशी, हा प्रश्न दोन दिवस छळत होता. शेवटी एकाही खेळाडूचं नाव न घालता कविता करायचं ठरलं आणि ती सुटसुटीत झाली.

घोरण्याकडे ‘घोरणे’ गा-ल-गा, छान. ‘शेजारी’ मात्र तिन्ही गुरू, कुठेच शिरत नाही. ‘शेजार’ घ्या किंवा जुन्या वळणाचं ‘शेजारियां’. या चालीत जुनी रूपं खपतात, कारण कानाला ती त्याच चालीत ऐकायची सवय आहे. गझलेत ‘शेजारियां’ म्हटलं तर लोक फोन काढतील.

14 दिवस: पहिलं कडवं, आणि एक विनोद टाळला

पन्नास म्हटल्यावर सर्वांत आधी सुचतं ते एकदिवसीय सामन्याचं: पन्नास षटकं झाली. हा विनोद करू नये. पन्नास षटकं संपली की डाव संपतो, आणि हे समोर बसलेल्या आईच्या लक्षात सर्वांत आधी येतं. पन्नास धावा घ्या. अर्धशतकाला बॅट वर करायची असते, टाळ्या पडतात आणि डाव पुढे चालू राहतो.

> सख्या, आज पन्नास झाल्या तुझ्या रे,
> जरा बॅट उंचाव, मैदान सारे
> तुला देत टाळ्या उभे ठाकलेले…
> अरे, काढताना किती झेल गेले!

चौथ्या ओळीवर बराच वेळ गेला. तिथे आधी केसांचा विनोद होता: ‘कुणी पाहिले केस कोठे उडाले’. वृत्तात चोख, पण टक्कल हा कुठल्याही पन्नाशीला चिकटवता येतो. झेल फक्त याच माणसाला लागू पडतात. खरं तर आपण ‘झेल सुटले’ म्हणतो, पण ‘सुटले’ ल-ल-गा, म्हणून ‘गेले’वर भागवलं. ‘अरे’नंतर क्षणभर थांबायचं, न थांबता म्हटलं तर टाळ्यांच्या ओघात ओळ वाहून जाते.

11 दिवस: लग्नातलं कडवं

वेड सांगायचं तर ‘तू फार क्रिकेट बघतोस’ ही तक्रार झाली, कविता नव्हे. एकच दृश्य घ्यायचं आणि ते अस्सल क्रिकेटच्या शब्दाने फिरवायचं.

> कुणाच्याहि लग्नात दोन्ही करांनी
> ‘किती स्कोर झाला’ पुसावे खुणांनी;
> तुझ्या अक्षता यॉर्करासारख्या रे,
> वराच्या पदांशीच जाती कशा रे?

इथे आधी गुगली होती. ‘गुगली’ ल-ल-गा निघाली, मोडीत. पण यॉर्करने कडवं सुधारलं, कारण यॉर्कर पायाशीच पडतो आणि अक्षता डोक्यावर पडायच्या असतात. गुगलीत ही विसंगती नव्हतीच, ती नुसती क्रिकेटचा शब्द म्हणून आली होती. ज्यांना यॉर्कर माहीत नाही त्यांनाही ‘पदांशी’मुळे चित्र दिसतं. एक कच्ची जागा आहे: ‘सारख्या’मधल्या ‘र’वर जोर दिला तर तो गुरू होतो आणि चाल अडखळते. ‘सार-ख्या’ असं न तोडता सलग म्हणायचं.

10 दिवस: कापलेलं कडवं

जन्मसालाचा मोह. 7 जून 1975 ला लॉर्ड्सवर पहिल्या विश्वचषकाचा भारत-इंग्लंड सामना झाला. इंग्लंडने 334 केल्या, आणि गावसकर 60 षटकं उभे राहून 174 चेंडूंत नाबाद 36. उत्सवमूर्ती गाडी चालवतो ती त्याच गतीने, असं ते कडवं होतं. ‘छत्तीस’ बसत होतं, ‘सुनीलास’ही बसत होतं. पण तपासणीला दोघांना वाचून दाखवल्यावर तिशीतल्या माणसाने ‘म्हणजे?’ विचारलं. कडव्याला टीप लागली की ते कडवं गेलं. आता हा किस्सा कवितेआधीच्या दोन वाक्यांच्या निवेदनात ठेवला आहे, तिथे तो समजावून सांगता येतो.

8 दिवस: घोरणं

लिहिण्याआधी त्याच्या बायकोला फोन. दोन गोष्टी विचारायच्या: झोपेत श्वास मध्येच थांबून मग धापेसरशी सुरू होतो का, आणि तो रात्री मास्क लावून झोपतो का. यातलं काही असेल तर ते दुखणं आहे. श्वास अडकण्यावर आणि मशीनवर एकही शब्द लिहायचा नाही, आणि डॉक्टरकडे गेला नसेल तर ते त्याला वेगळं, कवितेबाहेर सांगायचं. इथे उत्तर साधं होतं: उताणा झोपला की सुरू, कुशीवर वळवला की बंद. म्हणजे थट्टा करायला हरकत नाही.

रेल्वे इंजिन, पिठाची गिरणी, करवत या उपमा आधीच घासून गुळगुळीत झाल्या आहेत. शिवाय त्या ठेवल्या तर कवितेचे दोन तुकडे पडतात, अर्धी क्रिकेटची आणि अर्धी घोरण्याची. म्हणून घोरण्याचा आवाज मैदानावरच शोधला. तिथे तसा घरघरणारा एकच प्राणी आहे.

> तुझे घोरणे ऐकुनी मध्यरात्री
> पटे सर्व शेजारियां एक खात्री:
> कुणी रोलरें घोटतो खेळपट्टी,
> घरातील झोपेस साऱ्यांचि सुट्टी!

पहिल्या मसुद्यात ‘रोलरने’ होतं. गा-ल-ल-गा, चाल लंगडते. ‘रोलरें’ हे जुनं तृतीयेचं रूप घातलं आणि ओळ उभी राहिली. इंग्रजी शब्दाला संतांच्या काळचा प्रत्यय लागल्यावर जो विचित्र आवाज येतो, तोही हसवतो. ‘घोटतो’ मुद्दाम आहे. रोलर फिरतो म्हटलं तर आवाज ऐकू येत नाही, घोटतो म्हटलं की येतो. म्हणताना तिसऱ्या ओळीत प्रत्येक लघू जरा तोडायचा आणि पुढचे दोन गुरू ओढायचे. वेगळं ‘खर्र’ करून दाखवू नये, वृत्तच घोरत असतं.

5 दिवस: वळण

तीन कडवी टोचणारी झाली की चौथं जवळ घेणारं हवं, पण एकदम ‘तू आमचा लाडका’ म्हटलं तर आधीची तिन्ही खोटी ठरतात. म्हणून प्रेमही घोरण्यातूनच.

> तुझ्यावीण जेव्हा घरी शांत होते,
> घड्याळासवे रात्र मोजीत जाते;
> म्हणूनी सख्या, घोर खुश्शाल राती,
> अम्हां पावती कापसाच्याच वाती!

‘होते-जाते’ हे यमक सैल आहे, हे मान्य. बदलून पाहिलं, पण प्रत्येक वेळी ‘मोजीत’ गेलं, आणि त्या ओळीचा जीव त्याच शब्दात आहे. शेवटच्या ओळीत ‘पावती’ म्हणजे देव पावतो तसं पावणं. ते ऐकणाऱ्याला पावतीपुस्तकासारखं वाटू नये म्हणून ‘अम्हां’नंतर थांबा नको.

3 दिवस: सद्यस्थिती

चार कडवी, निवेदन आणि हशाच्या जागा धरून स्टॉपवॉचवर एक मिनिट पन्नास सेकंद. पाचवं कडवं पायचीतवर हवं होतं, कारण पंचाशी वाद घालणं हा याचा खास गुण. पण ‘पायचीत’ गा-ल-गा-ल, शेवटी गुरू हवा तिथे लघू. ‘एलबीडब्ल्यू’ची गत त्याहून वाईट. कुणाला वाट सापडली तर कळवा, दोन दिवस आहेत.

छपाई मोठ्या अक्षरात, एका पानावर एकच कडवं, लघू अक्षरांवर पेन्सिलीने टिंब. कापसाचे ऐंशी छोटे बोळे करून ठेवले आहेत, माणशी दोन. ते आधी वाटले तर शेवटची ओळ फुटते, म्हणून त्याच्या बायकोकडच्या डब्यात राहतील आणि ‘घोर खुश्शाल’ला डबा उघडायचा.