सरासरी फरक एक, तरी यंत्र नापास

बीपी मोजायचं एक नवं डिजिटल यंत्र विभागात घ्यायचं की नाही, हे ठरवण्यासाठीची आकडेवारी माझ्याकडे आली होती. ८५ माणसं, प्रत्येकाची नव्या यंत्रावर आणि पाऱ्याच्या यंत्रावर घेतलेली तीन-तीन मापं, म्हणजे एकूण २५५ जोड्या. सोबत आलेल्या टिपणात सहसंबंध गुणांक ०.९७ लिहिला होता आणि वरच्या प्रेशरमधला सरासरी फरक होता उणे १ मिमी. फरक किती पसरलेत हे सांगणारं प्रमाण विचलन ७.५. बीपीच्या यंत्रांसाठीच्या आयएसओ ८१०६०-२ या मानकाचा पहिला निकष म्हणतो की सरासरी फरक ५ च्या आत हवा आणि विचलन ८ च्या आत. दोन्ही बसत होतं.

विभागप्रमुख मॅडम म्हणाल्या, “मग अडलंय कुठे? सही करून टाका.”

“आलेख बघू द्या, मॅडम, मग करतो.”

०.९७ या आकड्यावर माझा विश्वास नव्हताच. एखादं यंत्र प्रत्येकाला बरोबर २० मिमी जास्त दाखवत असेल, तरी त्याने सहसंबंधात तसूभरही फरक पडत नाही. दोन मापं एकत्र वर-खाली होतात एवढंच तो सांगतो. ती जुळतात का, हे नाही. मार्टिन ब्लँड आणि डग्लस अल्टमन यांनी १९८६ साली ‘लॅन्सेट’मध्ये नेमका हाच मुद्दा मांडला आणि सोपा उपाय दिला: प्रत्येक जोडीची सरासरी आडव्या अक्षावर घ्या, फरक उभ्या अक्षावर, आणि ठिपके नीट बघा.

मी फरक ‘नवं यंत्र वजा पारा’ असा घेतला. उणे १ वर मधली रेघ आली. तिच्या वर-खाली १.९६ गुणिले ७.५, म्हणजे सुमारे १५ मिमीवर, बहुतेक फरक ज्यांच्या आत असावेत अशा मर्यादांच्या रेघा: एक उणे १६ च्या जवळ, दुसरी अधिक १४ च्या जवळ. बहुतेक ठिपके या पट्ट्यात होते. पण ढग आडवा नव्हता, तो डावीकडून उजवीकडे उतरत होता. १०५ च्या आसपासचे ठिपके शून्याच्या वर, साधारण अधिक ७ भोवती. १३० च्या सुमाराला शून्यावर. आणि १६५ च्या पुढचे जवळपास सगळे खाली, उणे १० भोवती. डावीकडचं अधिक आणि उजवीकडचं उणे एकमेकांना खाऊन टाकत होतं, म्हणून सरासरी एवढी गोंडस दिसत होती.

असा उतार दिसला की आधी आडवा अक्ष तपासावा. तिथे दोन्हींच्या सरासरीऐवजी नुसतं पाऱ्याचं माप घेतलं असेल, तर मोजमापातल्या साध्या चढउतारामुळेही खोटा उतार दिसतो. इथे सरासरीच होती. दुसरा संशय कफचा. सगळ्यांना एकच कफ बांधला असेल, तर जाड दंडावर तो लहान पडून प्रेशर जास्त दिसतं. पण जाड दंडाची माणसं आलेखात उजवीकडेच जास्त होती, म्हणजे त्या चुकीने ठिपके तिथे वर जायला हवे होते. ते तर खाली होते. हे यंत्र कफमधली स्पंदनं टिपून वरचं प्रेशर गणिताने काढतं, त्यामुळे ते गणितच टोकाची मापं मधल्या आकड्यांकडे ओढत असावं, हा माझा अंदाज. ताठर रक्तवाहिन्यांमध्ये अशी यंत्रं कमी दाखवू शकतात.

मग मी उताराच्या तिरक्या रेषेभोवती मर्यादा नव्याने काढल्या. तिच्याभोवतीचं विचलन सुमारे ५ होतं. सरासरी १६५ असेल तिथे फरक जवळजवळ शून्यापासून उणे २० पर्यंत. आडव्या रेघा मात्र त्याच जागी ‘१४ मिमी जास्तही दाखवू शकेल’ असं सांगत होत्या, आणि त्या भागात तसा एकही ठिपका नव्हता.

मॅडमना मी आलेखाची उजवी बाजू दाखवली. “पाऱ्यावर १७० असलेल्या माणसाला हे यंत्र साधारण १६० दाखवेल. कधी १५०ही.”

त्या बराच वेळ आलेख बघत होत्या. “आणि डावीकडे प्रेशर पडलेला पेशंट असेल, तर तो बरा दिसेल?”

“हो. १०१ चे १०८ दिसतील.”

“कुठल्या मापात किती वजा-अधिक करायचं, याचा तक्ता लावला तर?”

त्याने उतार जाईल, पण त्याभोवतीचा वर-खाली १०-१० मिमीचा पसारा तसाच राहील. शिवाय तो तक्ता या ८५ माणसांवर बेतलेला. वेगळ्या वयाच्या गटात तो लागू पडेलच असं नाही. मला हे त्यांना स्पष्ट सांगावंसं वाटलं, कारण गोळीचा डोस बदलायचा निर्णय बहुतेक वेळा उजवीकडच्या माणसांचाच असतो.

सही झाली नाही. आलेख जोडून यंत्र उत्पादकाकडे परत गेलं. १६० च्या वरच्या आणि ११० च्या खालच्या मापांचे फरक वेगवेगळे कळवा, एवढीच मागणी सोबतच्या पत्रात होती.