पासवर्ड बदलला आणि पाच मिनिटांत तो परत आत

घरोघरी जाऊन वायफाय लावणं, दुरुस्त करणं हे माझं काम. रोजचं काम म्हणजे राउटर कपाटातून बाहेर काढून उंचावर ठेवणं आणि लोकांना पटवणं की ते कपाटात ठेवायचं यंत्र नाही. पण मागच्या महिन्यातली एक केस डोक्यातून जात नाहीये म्हणून लिहितोय.

एका काकूंचा फोन आला. रात्री नेट मंद होतं, कोणीतरी आपलं वायफाय वापरतंय, भाच्याने दोनदा पासवर्ड बदलून दिला तरी तो माणूस जात नाही. मी म्हटलं दुपारी येतो. तर काकू म्हणाल्या, "ये, पण कोण आहे ते मला कळलंय रे. वरच्या मजल्यावरचा मुलगा. अभ्यासाला यायचा म्हणून मीच पासवर्ड दिला होता, आणि हा रात्री दोन दोन वाजेपर्यंत वापरतोय. सकाळीच सांगितलं त्याला, परत येऊ नकोस."

पोचलो तेव्हा चार वाजले होते. काकूंनी ॲपमध्ये रात्री दोन वाजता काढलेला स्क्रीनशॉट दाखवला, त्यात त्या मुलाच्या फोनचं नाव होतं खरं. मी आधी लॅपटॉप केबलने राउटरला जोडला, कारण पासवर्ड बदलताना वायफाय तुटतं आणि आपणच बाहेर पडतो. मग ब्राउझरमध्ये `192.168.1.1` उघडलं. लॉगिन अजून `admin` आणि `admin` होतं. राउटर लावून देणारे हे का बदलत नाहीत हे मला आजवर कळलेलं नाही, एक मिनिटाचं काम आहे.

आता इथे एक गोष्ट नीट सांगतो, कारण सगळा घोळ तिथेच झाला होता. राउटरमध्ये दोन वेगळ्या याद्या असतात. एक डीएचसीपीची, म्हणजे कोणाकोणाला आयपी पत्ता दिलाय त्याची नोंद. हा पत्ता भाड्याने दिल्यासारखा ठराविक मुदतीसाठी असतो, या राउटरवर २४ तासांसाठी, आणि फोन निघून गेला तरी मुदत संपेपर्यंत त्याचं नाव यादीत राहू शकतं. दुसरी यादी वायरलेसची, आत्ता या क्षणी कोण रेडिओवर जोडलेलं आहे त्याची, तिच्यात सिग्नलचा आकडाही दिसतो. काकूंचं ॲप पहिली यादी दाखवत होतं आणि वर लिहित होतं "कनेक्टेड डिव्हाइसेस". असं लिहिणाऱ्या कंपन्यांचा मला मनापासून राग येतो, कारण लोक ते खरं मानून माणसांवर आरोप करतात.

डीएचसीपीच्या यादीत माझा लॅपटॉप धरून १२ नोंदी होत्या. मुलाच्या फोनच्या नोंदीपुढे मुदत उरली होती तीन तास. म्हणजे २१ तासांपूर्वी, काल संध्याकाळी सातला, त्याने शेवटचा पत्ता घेतला होता. काकूंना विचारलं तो काल कधी आला होता, तर म्हणाल्या सातला आला, आठला गेला. त्यावरून तो रात्री दोनला जोडलेला नव्हता असं सिद्ध होत नाही, पण होता असंही होत नाही, आणि त्या स्क्रीनशॉटमध्ये याच्यापेक्षा जास्त काहीच नव्हतं.

मग वायरलेसची यादी उघडली. तिच्यात आठ. घरातली उपकरणं मोजली तर सात: काका-काकूंचे दोन फोन, लॅपटॉप, टीव्ही, प्रिंटर आणि दोन स्मार्ट प्लग. एकेक बंद करत गेलो आणि यादीतून एकेक नोंद जाताना बघत गेलो. हे कंटाळवाणं आहे पण याला पर्याय नाही, कारण नावावर विसंबता येत नाही. प्लग तर `ESP_` ने सुरू होणाऱ्या नावाने दिसतात, ते आतल्या चिपचं नाव असतं, पण लोकांना वाटतं हाच चोर. सातही बंद झाली तरी एक नोंद उरली. नावाची जागा रिकामी. सिग्नल `-81`, जेव्हा घरातली उपकरणं `-40` ते `-60` च्या मध्ये होती. उणे आकडा जितका मोठा तितका सिग्नल अशक्त, त्यामुळे हे जे काही होतं ते बहुधा घरात नव्हतं, दोन-तीन भिंतींपलीकडे होतं. आणि डेटाचे आकडे पुढे सरकत होते, म्हणजे जिवंत होतं.

काकू म्हणाल्या, "बघ, वरच्या मजल्यावर भिंतीच तर आहेत."

मी मॅक पत्ता बघितला, म्हणजे प्रत्येक उपकरणाच्या वायफायचा स्वतःचा ओळख क्रमांक. हल्लीचे फोन खरा मॅक पत्ता न देता प्रत्येक नेटवर्कसाठी एक बनवलेला पत्ता देतात, अँड्रॉइड १० पासून आणि आयफोनमध्ये आयओएस १४ पासून सहसा असंच असतं. तो ओळखायची खूण सोपी आहे, दुसरं अक्षर 2, 6, A किंवा E यातलं एक असतं. मुलाच्या फोनच्या नोंदीत दुसरं अक्षर A होतं. या निनावी नोंदीत 8. म्हणजे ही दोन वेगळी उपकरणं असण्याची शक्यता जास्त, पण फोनमध्ये हे सेटिंग बदलता येतं, म्हणून मी एवढ्यावर थांबलो नाही. काकूंना म्हटलं त्याला खाली बोलवा. त्यांना नको होतं, मीच वर जाऊन बोलावलं. मुलगा आला, आईही सोबत आली, दोघंही काही बोलेनात. मी त्याचा फोन सगळ्यांसमोर बंद केला, टेबलावर ठेवला, घरात आणखी काही आहे का विचारलं तर आई म्हणाली तिचा एक फोन, तोही बंद करून शेजारी ठेवला. आणि लॅपटॉपवर ती निनावी नोंद तशीच, डेटा चालू, सिग्नल `-80`. काकू बराच वेळ स्क्रीनकडे बघत राहिल्या. मुलगा फोन घेऊन गेला, कोणाकडेही न बघता.

आता खरा प्रश्न उरला होता. भाच्याने आधी मोबाइल नंबर ठेवला होता, मग कोणाचं तरी नाव आणि साल. असे पासवर्ड डब्ल्यूपीए२ वर, म्हणजे या राउटरवरच्या वायफाय सुरक्षेच्या पद्धतीवर, टिकत नाहीत हे खरं आहे, कारण फोन राउटरला जोडला जातानाची देवाणघेवाण कोणी हवेतून टिपली की मग घरी बसून शक्यता तपासता येतात, राउटरला कळतही नाही. चांगल्या ग्राफिक्स कार्डावर सेकंदाला पाच लाख धरले तरी आठ आकडी सगळे पासवर्ड, म्हणजे दहा कोटी, २०० सेकंदांत संपतात. म्हणून मी २० अक्षरांचा, अक्षरं आणि आकडे कसेही मिसळलेला पासवर्ड टाकला, कोणाला सांगितला नाही, घरातलं एकही उपकरण जोडलं नाही. यादी रिकामी झाली.

पाच मिनिटांच्या आत ती नोंद परत आली.

इतक्या वर्षांत असं समोर घडताना मी पहिल्यांदा बघितलं. तो पासवर्ड फक्त माझ्या लॅपटॉपवर होता. २० अक्षरी पासवर्ड पाच मिनिटांत फुटत नाही, कोणी सांगितला असणं शक्य नाही, बाहेरून राउटरमध्ये शिरायचं रिमोट मॅनेजमेंट बंद होतं, ते मी बघितलं. म्हणजे तो पासवर्ड न ओळखताच आत येत होता, आणि असा दरवाजा एकच आठवला, डब्ल्यूपीएस.

डब्ल्यूपीएस म्हणजे पासवर्ड न टाकता जोडून घ्यायची सोय. बटण दाबून होतं ते वेगळं, पण तिचा दुसरा प्रकार आठ आकडी पिनचा आहे, आणि तो पिन बऱ्याच राउटरच्या पोटाखाली छापलेला असतो. तो पिन सांगितला की राउटर स्वतःच चालू पासवर्ड देऊन टाकतो. पासवर्ड शंभर वेळा बदला, पिन तोच. बरं तो पिन माहीत नसला तरी आठपैकी शेवटचा आकडा नुसता पडताळणीचा, आणि राउटर पहिले चार वेगळे तपासतो, पुढचे तीन वेगळे, त्यामुळे १०,००० अधिक १,००० एवढेच प्रयत्न, जास्तीत जास्त ११,०००. ही खोड डिसेंबर २०११ मध्ये जाहीर झाली. नवे राउटर चुकीचे पिन आले की कुलूप लावतात, पण बरोबर पिन माहीत असलेल्याला ते काय अडवणार.

सेटिंग वायरलेसच्या पानावर नव्हतंच, ॲडव्हान्स्डच्या आत तिसऱ्या टॅबमध्ये, आणि चालू. बंद केलं. पण मी तेवढ्यावर विश्वास ठेवत नाही, फोनवरच्या वायफाय ॲनालायझरमध्ये बघितलं तर राउटर अजूनही हे ओरडून सांगत होता:

```
[WPA2-PSK-CCMP][ESS][WPS]
```

म्हणजे पानावर बंद आणि हवेत चालू. रीस्टार्ट केला, तरी तेच. फर्मवेअर, म्हणजे राउटरच्या आतलं सॉफ्टवेअर, कित्येक दिवसांत अपडेट झालेलं नव्हतं, ते केलं, परत बंद केलं, परत स्कॅन केलं, तेव्हा कुठे तो `[WPS]` गेला. अपडेटनंतर खिडकी उघडल्यासारखा आणखी एक पर्याय दिसला, `WPA3-SAE`, डब्ल्यूपीए२ च्या पुढची पद्धत. त्यात देवाणघेवाण टिपून घरी बसून पासवर्ड तपासता येत नाही, प्रत्येक अंदाजासाठी राउटरशीच बोलावं लागतं. पण प्रिंटर आणि प्लग जुने, त्यांना तो जमेना. बरेच जण अशा वेळी मिश्र मोड ठेवतात, पण त्यात डब्ल्यूपीए२ चा रस्ता उघडाच राहतो. म्हणून टीव्ही आणि प्रिंटर केबलवर घेतले, फोन आणि लॅपटॉप निव्वळ डब्ल्यूपीए३ वर, आणि प्लगसाठी वेगळं गेस्ट नेटवर्क, `WPA2-PSK [AES]`, टीकेआयपी ही जुनी, कच्ची पद्धत नाही.

पासवर्ड काकूंना टाकता यावा म्हणून शब्दांचा केला, पण शब्द त्यांना सुचवू दिले नाहीत, जाड शब्दकोश सहा वेळा डोळे मिटून उघडला आणि बोट पडेल तो शब्द घेतला. असा काहीतरी:

```
undir-kulup-dagad-pivla-shinka-vaara
```

गेस्टसाठी तसाच दुसरा. ॲडमिनचाही बदलला. मग अर्धा तास वायरलेसची यादी उघडी ठेवून बसलो. ती नोंद आली नाही.

काकूंनी विचारलं, "मग कोण होतं रे?" लॅपटॉपची केबल काढून, सिग्नल कुठे वाढतो ते बघत फिरलो असतो तर कदाचित कळलंही असतं, तशी साधनं असतात. मी नाही शोधलं. एका दिवसात एका माणसावर बोट दाखवून झालं होतं आणि दुसरं दाखवायला माझ्याकडे पक्कं काही नव्हतं, पिन कोणी कधी राउटर उलटा करून वाचला हे कोण सांगणार. पण खरं सांगायचं तर अजून वाटतं, शोधायला हवं होतं का.

निघताना काकूंनी गेस्टचा पासवर्ड एका कागदावर लिहून घेतला, वर द्यायला. पंधरा दिवसांनी सगळं ठीक आहे ना बघायला गेलो, यादी उघडली. गेस्टवर दोनच नोंदी होत्या, दोन्ही प्लगच्या. कागद फ्रिजवर चिकटवलेला होता.